थकलेल्या कानाची साक्ष

भाटघरच्या जलाशयाकाठच्या माझ्या खोलीत रात्री दहानंतर आवाजाचा मीटर लावला की आकडा ३० डेसिबलच्या आसपास स्थिरावतो. पावसाळ्यात धरण भरलं आणि स्वयंचलित दरवाजे उघडले, की खालच्या अंगाला पाण्याचा घोंगाट चालू होतो. पण मी राहते ती जागा वरच्या अंगाला आहे, फुगवट्याच्या बाजूला, आणि तिथपर्यंत तो पोचतो तो विरूनच. पुण्यात मी ज्या खोलीत मिक्सिंग करायचे तिथे दारं-खिडक्या लावूनही हा आकडा ४५च्या खाली क्वचितच यायचा. रिक्षा, पंपाची मोटर, शेजारचा पंखा, वरच्या मजल्यावरची पावलं, सगळं मिळून ते ४५ व्हायचे.

या १५ डेसिबलच्या फरकासाठी मी इथे आले असं म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही. मिक्सिंग करताना गाण्यातला सगळ्यात बारीक आवाज ऐकू यावा लागतो. गायिकेच्या शब्दानंतर रेंगाळणारी रिव्हर्बची शेपटी, दोन ओळींमधला श्वास, संबळाच्या चामड्यावर बोट सरकल्याची चाहूल. खोलीचा आवाज ४५ असेल तर हे सगळं त्याच्या वर काढायला स्पीकर वाढवावा लागतो, आणि एकदा वाढवला की तो दिवसभर तिथेच राहतो. खोली ३०वर असेल तर तेच बारकावे १५ डेसिबल खाली, आरामात ऐकू येतात. शांततेचा मला झालेला पहिला फायदा हा असा व्यवहारी आहे. मनाला बरं वाटतं ते वेगळंच, पण शांततेमुळे मी हळू ऐकू शकते आणि हळू ऐकल्यामुळे जास्त वेळ नीट ऐकू शकते.

मिक्सिंगचं काम लांबतं. एका गाण्यात ५०-६० ट्रॅक असतात. त्यांची साफसफाई, मग प्रत्येकाची पातळी, प्रत्येकाची जागा, कुणाचा खर्ज कापायचा, कुणाची धार वाढवायची. सकाळी बसलेला माणूस रात्रीच उठतो. या सगळ्या वेळात निर्णय घेणारं साधन एकच असतं, ते म्हणजे कान. सुताराचा रंधा बोथट झाला तर लाकूड लगेच तक्रार करतं. कान मात्र बोथट होतो आणि ती गोष्ट लपवूनही ठेवतो, कारण तो थकलाय की नाही हे तपासायलासुद्धा आपल्याकडे तोच कान असतो. थकलेल्या कानाची स्वतःबद्दलची साक्ष ग्राह्य धरायची नाही, हा माझ्या कामातला पहिला नियम आहे, आणि बाकीचे सगळे त्यातूनच निघतात.

कान थकतो म्हणजे आत काय होतं, हे थोडं सांगायला हवं. शंखासारख्या वळणाच्या नळीत रोमपेशींच्या रांगा असतात. बाहेरच्या रांगांमध्ये एका कानात साधारण १२ हजार पेशी असतात, आतल्या रांगेत साडेतीन हजार. बाहेरच्या पेशी बारीक आवाज उचलून मोठा करतात, आतल्या पेशी तो मज्जातंतूंकडे सोपवतात. तासन्‌तास मोठा आवाज आला की या पेशी शिणतात, त्यांच्या बुडाशी जोडलेली मज्जातंतूंची टोकं सुजतात, आणि काही काळ कमी ऐकू येतं. डॉक्टर त्याला तात्पुरती श्रवणघट म्हणतात. शांतता मिळाली तर ती काही तासांत भरून निघते, घट जास्त असेल तर रात्र किंवा पुढचा अख्खा दिवस लागतो. पण पेशी एकदा मेली की मेली. पक्ष्यांमध्ये ती पुन्हा उगवते, आपल्यात नाही.

ही घट सगळ्या सुरांवर सारखी पडत नाही. कानाच्या बाहेरच्या नळीची घडणच अशी आहे की तीन हजार हर्ट्‌झच्या आसपासचा आवाज तिच्यात आपोआप मोठा होतो, आणि मार बसतो तो त्याच्या जरा वर, चार हजारच्या आजूबाजूला. ‘स’, ‘श’, ‘त’ या वर्णांची धार, लेझमीच्या चकत्यांची खळखळ, टाळाची किनार, हे सगळं त्या भागात आणि त्याच्या वर राहतं. म्हणजे थकवा सगळ्यात आधी नेमकी तीच गोष्ट चोरतो, जी मिक्समध्ये सगळ्यात नाजूक असते.

निसर्गाने थोडी राखण ठेवली आहे. आवाज वाढला की मधल्या कानातला एक इवलासा स्नायू रिकिबीला ओढून धरतो आणि आत जाणारा आवाज कमी करतो. पण ही राखण प्रामुख्याने खर्जाच्या बाजूची आहे. वरच्या सुरांना ती फारशी अडवत नाही. शिवाय स्नायू आवळायला सेकंदाचा काही शतांश ते दशांश भाग लागतो, तोवर ताशाची काडी पडून गेलेली असते. आणि आवाज सतत चालू राहिला तर तो स्नायूही दमतो.

हे सगळं प्रत्यक्षात कसं घडतं ते माझ्याच टेबलावर पाहायला मिळालं. वेल्ह्याकडच्या एका ढोल-लेझीम पथकाने देवीचं एक गाणं ध्वनिमुद्रित केलं होतं. सहा ढोल, दोन ताशे, झांज, लेझमीचा ताफा आणि वर एका बाईंचा खडा, उघडा आवाज. माझ्याबरोबर काम करणारा एक तरुण मुलगा ते मिक्स करत होता. टेबलावर मीटर नेहमी चालू असतो आणि सेशनच्या जुन्या आवृत्त्या तासातासाला जतन होतात, त्यामुळे त्या दिवसाचा अख्खा माग नंतर काढता आला.

सकाळी ११ला तो बसला तेव्हा आवाज ७६वर होता. दोनला जेवायला उठला. तीनला परत आला तेव्हा त्याने नकळत ७९ केले. पाचनंतर ढोलांवर काम सुरू झालं आणि मीटर ८२ दाखवू लागला. नऊला तो ८७वर गेला आणि ११पर्यंत तिथेच राहिला. याच काळात लेझमीच्या ट्रॅकवर काय झालं ते पाहा. चारच्या आवृत्तीत आठ हजार हर्ट्‌झच्या वरचा भाग दीड डेसिबल उचललेला. सातच्या आवृत्तीत आणखी दोन. दहाच्या आवृत्तीत आणखी दीड. एकूण पाच. प्रत्येक वेळी त्याला वाटलं होतं की लेझीम जरा मागे पडलीय, खळखळ बुजलीय. लेझीम होती तिथेच होती. मागे पडला होता त्याचा कान.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःच ते मिक्स लावलं आणि लेझीम कानात सुयांसारखी टोचायला लागली. “ताई, काल हे मी केलं?” असं म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला काही न बोलता मीटरची नोंद दाखवली.

आता या दिवसाचा हिशेब मांडू. अमेरिकेच्या व्यवसायारोग्य संस्थेने, म्हणजे नायोशने, घालून दिलेली मर्यादा अशी: ८५ डेसिबल आठ तास. त्यावर प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक, ९७ला अर्धा तास, १००ला १५ मिनिटं. तीन डेसिबलला निम्मा का, तर तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. कानाला मात्र ती दुप्पट वाटत नाही, ‘जरासं वाढवलं’ एवढंच वाटतं. सगळा घोळ इथेच आहे. त्या मुलाचे सकाळचे तीन तास पाच टक्क्यांच्या आत. ७९चे दोन तास म्हणजे दिवसाच्या वाट्यातले सहा टक्के. ८२चे चार तास पंचवीस टक्के. ८७चे दोन तास चाळीस टक्क्यांच्या आसपास. बेरीज पंचाहत्तरीच्या घरात.

म्हणजे नियमाप्रमाणे तो मुलगा सुरक्षित होता. मर्यादा ओलांडलीच नव्हती. तरीही त्याचा निर्णय पाच डेसिबलने चुकला. या दिवसातून घ्यायची मुख्य गोष्ट मला ही वाटते. कानाला इजा होण्याची रेषा वेगळी आणि कानाचा न्याय बिघडण्याची रेषा वेगळी, आणि दुसरी रेषा खूप आधी येते. ‘८५ला आठ तास चालतात’ म्हणून कुणी ८५वर आठ तास मिक्सिंग केलं, तर कान कदाचित वाचेल, गाणं वाचणार नाही. आणि तो आकडा कानासाठीही अभयदान नाही. ८५वर चाळीस वर्षं काम करणाऱ्यांपैकी शंभरात आठ जणांना त्या आवाजामुळे श्रवणदोष येईल, असा अंदाज त्याच संस्थेने दिलेला आहे. कारखान्यातल्या कामगाराला संवाद ऐकू यावा एवढाच त्या मर्यादेचा हेतू आहे. लेझमीच्या चकत्या वेगवेगळ्या ऐकू याव्यात हा नाही.

त्या रात्री आणखी एक गोष्ट घडली. ११ला पथकातली माणसं ऐकायला आली. दिवसभर शेतावर आणि कामावर राबून, भोरहून मोटारसायकलवरून आली होती. त्यांनी आधी शांतपणे ऐकलं, मग त्यांच्यातले वयाने मोठे होते ते म्हणाले, “छान झालंय, पण अजून जरा वाढवा ना. टिपरू छातीत वाजलं पाहिजे.” त्यांचं म्हणणं गैर नाही. ढोल ते पोटाने ऐकतात, आणि ते तसंच ऐकायचं वाद्य आहे. आवाज ९७वर गेला आणि पाऊण गाणं, मग अख्खं गाणं, मग शेवटचा भाग पुन्हा, असं करत १५ मिनिटं गेली. नियमाने ९७ला अर्धा तास, म्हणजे १५ मिनिटांत पन्नास टक्के. पंचाहत्तरीवरचा मुलगा एकशे पंचवीसवर गेला. दिवसभराच्या अकरा तासांनी जेवढं खर्च केलं, त्याच्या जवळपास दोन-तृतीयांश त्या पाव तासाने केलं.

म्हणून आता मी दिवसाचा हिशेब आदल्या दिवशीच करते. भाटघरच्या पाण्याचं जसं असतं तसं. साडेतेवीस टीएमसीचं धरण आहे, भरलेलं असताना काठावर उभं राहिलं तर ते कधी संपेल असं वाटत नाही. पण नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांना पाणी असं नुसतं डोळ्यांनी पाहून सोडत नाहीत. किती साठा, किती आवर्तनं, कुठल्या आवर्तनाला किती, हे आधी ठरतं आणि पट्टीवरचा आकडा बघून ठरतं. पाहुण्यांना मोठ्याने ऐकवायचं आहे हे माहीत असेल तर तो वाटा मी सकाळीच बाजूला काढते. एक गाणं, एकदा, ९०वर, पाच मिनिटं. दिवसाच्या वाट्यातले ते चार टक्केसुद्धा नाहीत. ढोल ९०वरही छातीत वाजतो, फक्त त्याच्या आधी खोलीत पाच मिनिटं शांतता असावी लागते. कान ताजा असेल तर ९० हा चांगलाच मोठा आवाज आहे. दिवसभर ८७वर बसलेल्याला तो मोठा वाटत नाही, म्हणून तो ९७ मागतो.

आता आवाज ठरवायचा कसा. हे काम सोपं आहे आणि एकदाच करायचं आहे. पिंक नॉइज नावाचा, धबधब्यासारखा सलग खसखसाट मिळतो. तो उणे २० डेसिबलच्या सरासरी पातळीवर एका स्पीकरमधून सोडायचा. मीटर आपण बसतो तिथे, कानाच्या उंचीवर धरायचा. त्यावर ‘सी’ भार आणि ‘स्लो’ निवडायचं. मॉनिटरचा नॉब हळूहळू फिरवत आकडा ७३वर आणायचा. मग तो स्पीकर बंद करून दुसऱ्यावर तेच करायचं. दोन्ही मिळून साधारण ७६ होतात. माझ्या नॉबवर त्या जागी नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. चित्रपटाच्या मोठ्या सभागृहात हाच आकडा एका स्पीकरला ८५ धरतात, पण ती जागा प्रचंड असते. दहा बाय बाराच्या खोलीत ८५ म्हणजे भिंतींनी घेरून केलेला मारा होतो.

दिवसाचा वाटा मोजताना मात्र मीटर ‘ए’ भारावर ठेवायचा. ‘सी’ खर्ज जवळजवळ पूर्ण मोजतो म्हणून स्पीकर लावायला बरा. ‘ए’ खर्जाला कानासारखंच कमी धरतो, आणि सगळ्या सुरक्षित मर्यादा त्याच्यातच सांगितलेल्या आहेत. ढोलाच्या गाण्यात या दोन आकड्यांत आठ-दहाचा फरक सहज पडतो, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा घेतला तर सगळं गणित कोलमडतं. मीटर महागाचा नसला तरी चालतो. फोनमधली मोजणी मात्र फोनगणिक बदलते, तेव्हा एकदा कुणाच्या खऱ्या मीटरशेजारी ठेवून तिच्यात किती फरक पडतो तो लिहून ठेवावा.

हळू ऐकून काम करण्याला एक खरी अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. आवाज कमी असेल तेव्हा कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. म्हणून फार हळू ऐकत मिक्स केलं तर माणूस ढोलाचा खर्ज भरत जातो, आणि तेच गाणं मंडपात लागलं की नुसता गदगदाट होतो. उलट मोठ्याने मिक्स केलं तर खर्ज भरपूर वाटतो, आणि फोनवर ऐकणाऱ्याला ढोलाच्या जागी फक्त टिपरूचा टक्‌टक् आवाज येतो. यावर उपाय म्हणजे एकच पातळी धरून राहणं. ७६वर वर्षभर बसलं की त्या पातळीवर ढोल किती वाजला पाहिजे हे अंगवळणी पडतं. मग तासातून एकदा, मिनिटभर, ८४वर जाऊन खर्ज तपासायचा आणि लगेच ठिपक्यावर परतायचं. मोठा आवाज तपासण्यापुरता, मुक्कामाला नाही.

हेडफोनचं प्रकरण निराळं आहे, कारण तिथे मीटर धरायला जागाच नाही. मी करते ते एवढंच: स्पीकर ठिपक्यावर लावून एक ओळखीचं गाणं वाजवायचं, मग हेडफोन चढवत-उतरवत दोन्ही सारखे वाटतील तिथे हेडफोनचा नॉब आणायचा आणि तिथेही खूण करायची. हे अंदाजाचंच काम आहे, पण खूण नसण्यापेक्षा बरं. हेडफोनमध्ये ढोल छातीला लागत नाही, आणि शरीर ती उणीव कानाकडून भरून मागतं. म्हणून हेडफोनवर हात वाढवायला जातो तो स्पीकरपेक्षा लवकर.

आता विश्रांती. विश्रांतीबद्दल लोक एक चुकीची समजूत धरतात की दहा मिनिटं बाहेर जाऊन आलं की मागचं सगळं फिटलं. ते तसं नाही. मोठ्या आवाजाचा खर्च झालेला वाटा दहा मिनिटांत परत येत नाही. त्याला रात्र लागते. विश्रांतीने परत येतं ते वेगळंच काही. एकच गाणं सतत ऐकलं की मन त्याला सरावतं आणि मग त्यातलं काहीही बरोबर वाटायला लागतं. ती सवय दहा-पंधरा मिनिटांत सुटते. थोडक्यात, आवाज कमी ठेवायचा तो कानासाठी आणि विश्रांती घ्यायची ती निर्णयासाठी. एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही.

माझा नेम असा: पन्नास मिनिटं काम, दहा मिनिटं शांतता. तीन फेऱ्या झाल्या की तासभर खोलीबाहेर. त्या दहा मिनिटांत फोनवर व्हिडिओ नाही, इअरफोन नाही, गाडीतलं गाणं नाही. मी पाण्याच्या काठाने थोडी चालते. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं असतं, काठाची भेगाळलेली माती उघडी पडते, आणि चालताना आपल्याच चपलांचा आवाज एवढा स्पष्ट येतो की कान पुन्हा बारीक गोष्टी मोजायला लागल्याचं कळतं. पावसाळ्यात हे जमत नाही. इकडचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की खोलीतच ६०च्या वर जातो. त्याच्याशी स्पर्धा करायची नाही, हेही मी ठरवून टाकलंय. सरी जोरात असतात तेव्हा मी ट्रॅकना नावं देते, नको असलेले तुकडे पडद्यावर बघून कापते. ऐकण्याचं काम पाऊस उघडला की.

आणि परत आल्यावर लगेच मिक्स लावायचं नाही. आधी एक ठरलेलं गाणं, नेहमी तेच, ठिपक्यावरच्या पातळीवर अर्धा मिनिट ऐकायचं. त्यातले टाळ कसे ऐकू येतात हे मला तोंडपाठ आहे. ते नेहमीसारखे चमकले तर पुढे जायचं. ते जर बुजलेले, कापसात गुंडाळल्यासारखे वाटले, तर गाणं बदललेलं नाही, कान बदललाय. तेव्हा मिक्सला हात लावायचा नाही, त्या दिवसाचं काम तिथेच थांबवायचं. बाकीच्या खुणाही याच जातीच्या. नॉबवर नकळत हात जातो. गाडीचा रेडिओ सकाळी ज्या आवाजात ऐकू येत होता तो घरी जाताना पुटपुटतो. कानात दडे बसल्यासारखं वाटतं, किंवा शांत खोलीत बारीक शीळ ऐकू येते. शीळ आली म्हणजे मर्यादा केव्हाच मागे पडली, असं समजावं. त्याआधीच थांबायचं होतं.

आपल्याकडच्या कानांना मिक्सिंगपेक्षा मोठा धोका तालमीत आणि मिरवणुकीत असतो, आणि पथकांतल्या मुलांना मी हे सांगत असते. पुण्यात सीओईपीचे विद्यार्थी आणि प्राध्यापक गेली अनेक वर्षं विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर आवाज मोजतात, आणि काही वर्षी सरासरीच शंभरावर गेलेली आहे. तालमीत, दोन ढोलांच्या मध्ये, माझा मीटर १०३ दाखवतो. १०३ला साडेसात मिनिटं मिळतात. तालीम दोन तास चालते. त्यानंतर मिक्सला बसणं म्हणजे डोळ्यांत मिरची घालून सुई ओवणं.

म्हणून तालमीला मी कानात संगीतकारांचे प्लग घालते. ते सगळे सूर सारखेच, साधारण १५ डेसिबलने खाली आणतात. १०३चे ८८ होतात, आणि ८८ला चार तास मिळतात. ताशाची धार तशीच राहते, फक्त ती दूर गेल्यासारखी वाटते. औषधाच्या दुकानातले फोमचे प्लग त्याहून जास्त अडवतात, पण वरचे सूर जास्त कापतात, आणि बहुतेकांना ते नीट घालताच येत नाहीत. फोम बोटांत वळून काडीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, मग प्लग आत सारायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरायचा. आत गेला की आपलाच आवाज माठात बोलल्यासारखा घुमतो. तो घुमला नाही तर प्लग बसलेला नाही.

वर्षातून एकदा मी कान तपासून घेते. आदली संध्याकाळ आणि रात्र शांततेत गेलेली असावी, नाहीतर तात्पुरता थकवाच आलेखात उतरतो. हा आलेख २५० ते ८००० हर्ट्‌झपर्यंत असतो. त्यात चार हजारजवळ रेघ खाली जाऊन आठ हजारला पुन्हा वर आलेली दिसली, तर ती आवाजाने केलेली जखम असण्याची शक्यता मोठी. वयाने आलेली घट अशी मध्येच खड्डा पाडत नाही, ती टोकाला उतरत जाते.

पण आलेख सरळ आला म्हणून निश्चिंत होता येत नाही. २००९मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना १०० डेसिबलचा आवाज दोन तास ऐकवला. काही दिवसांनी उंदरांचं ऐकणं मोजमापात पूर्ववत झालं. रोमपेशीही शाबूत होत्या. पण त्या पेशींना मज्जातंतूंशी जोडणारे सांधे वरच्या सुरांच्या भागात जवळजवळ निम्मे तुटले होते आणि ते परत आले नाहीत. माणसात हे किती होतं यावर संशोधकांचं एकमत अजून नाही. पण शांत खोलीत सगळं ऐकू येतं आणि लग्नाच्या मांडवात समोरच्याचं बोलणं कळत नाही, अशी तक्रार करणारे वादक मी अनेक पाहिले आहेत. या उंदरांचा विचार केला की ‘उद्या सकाळी बरं वाटेल’ या वाक्यावर विसंबून राहणं मला जमत नाही. बरं वाटणं आणि बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून त्या मुलाला मी एक पद्धत घालून दिली आहे आणि स्वतःही तीच पाळते. सेशन उघडण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहायच्या. आज कुठल्या पातळीवर ऐकणार, मोठ्याने कधी आणि किती मिनिटं ऐकणार, आणि किती वाजता थांबणार. हे सकाळी लिहायचं, कारण सकाळी कान ताजा असतो आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवता येतो. रात्री नऊला तोच कान ‘अजून तासभर चालेल’ म्हणतो, तेव्हा त्याला विचारायचं नाही, कागद बघायचा. लेझमीचं ते गाणं शेवटी असंच पूर्ण झालं. उचललेले पाच डेसिबल काढून टाकले, सकाळच्या दोन तासांत ७६वर सगळं पुन्हा बसवलं, आणि पथकाने ते ९०वर एकदा ऐकून पसंत केलं. या कामात मला अजून बरीच वर्षं राहायचं आहे, त्या मुलाला तर माझ्याहून जास्त. आमच्या दोघांच्या पुढच्या सगळ्या गाण्यांसाठी हेच कान पुरवायचे आहेत.